छप्पन्नातला ‘प’ आणि पंचावन्नातला ‘व’

पन्नासच्या घरातले आकडे एकदा मोठ्याने म्हणून पाहा. एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. आठांपैकी पाच आकड्यांच्या शेवटी ‘वन्न’ येतं आणि तिघांच्या शेवटी ‘पन्न’. ५३, ५४ आणि ५६ या तिघांनाच ‘प’ का मिळाला? मराठी शिकणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारला की त्याला बहुतेक वेळा ‘ते तसंच आहे, पाठ करा’ एवढंच उत्तर मिळतं. पण या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे. अकरा ते नव्व्याण्णवमधल्या बऱ्याच विचित्र वाटणाऱ्या आकड्यांची किल्ली याच उत्तरात सापडते.

हे सगळे आकडे मुळात सामासिक शब्द आहेत. संस्कृतात एकक आधी आणि दशक नंतर बोलत, म्हणून ५२ म्हणजे द्वापञ्चाशत्, आधी दोन आणि मग पन्नास. तिथे दोन्ही भाग स्वच्छ दिसतात. पुढे प्राकृतात आणि मग मराठीत येताना लोकांनी हा शब्द दोन तुकड्यांत न बोलता एका दमात बोलला. एका दमात बोललेल्या शब्दाच्या मधल्या अक्षरांना आजूबाजूचे स्वर मऊ करतात. आकडे रोज शेकडो वेळा तोंडात येतात, त्यामुळे ते फार लवकर झिजले. ती झीज नियमाने झाली, मात्र प्रत्येक आकड्याचा सांधा वेगळा असल्यामुळे तिचा परिणाम प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो.

प्राकृतातला यासंबंधीचा नियम सोपा आहे. दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘प’ आला की त्याचा ‘व’ होतो. दीपचा दिवा झाला, कपाटचं कवाड झालं, गोपालचा गोवळ झाला. पण ‘प’ला दुसऱ्या व्यंजनाचा आधार असेल, तर तो टिकतो. सर्पाचा आधी सप्प आणि मग साप झाला, कर्पूराचा कापूर झाला. तिथे ‘व’ आला नाही, कारण ‘प’ एकटा नव्हता.

आता पन्नासचे मूळ शब्द शेजारी ठेवू. ५१ म्हणजे एकपञ्चाशत्, ५२ म्हणजे द्वापञ्चाशत्, ५५ म्हणजे पञ्चपञ्चाशत्, ५७ म्हणजे सप्तपञ्चाशत् आणि ५८ म्हणजे अष्टापञ्चाशत्. या पाचही शब्दांत ‘पञ्चाशत्’च्या आधी स्वर आहे, म्हणून ‘प’ एकटा पडला, त्याचा ‘व’ झाला आणि ‘वन्न’ आलं. ५६ मात्र षट्पञ्चाशत्. इथे ‘प’च्या आधी ‘ट्’ आहे. त्या दोघांचं मिळून ‘प्प’ झालं आणि छप्पन्न हा शब्द तयार झाला. ५४ म्हणजे चतुःपञ्चाशत् आणि ५३ म्हणजे त्रयःपञ्चाशत्. या दोन्हींत मध्ये विसर्ग आहे आणि त्याने ‘प’ला तोच आधार दिला. म्हणून चोपन्न, म्हणून त्रेपन्न. संस्कृतात ज्या तीन आकड्यांच्या सांध्यात व्यंजन किंवा विसर्ग होता, मराठीत नेमका त्याच तिघांत ‘प’ शिल्लक राहिला. हिंदीत ५४ला चौवन म्हणतात, म्हणजे तिथे हा आधार सुटला. या घरात मराठीने जुना सांधा हिंदीपेक्षा नीट जपला आहे.

हाच नियम दहाच्या घरात पाहता येतो. द्वादशचं बारा, त्रयोदशचं तेरा, सप्तदशचं सतरा आणि अष्टादशचं अठरा झालं. या सगळ्यांत ‘दश’चा एकटा ‘द’ मऊ होऊन ‘र’ झाला आणि ‘श’ आधी ‘ह’ होऊन मग गळून गेला. पण चतुर्दशमध्ये ‘द’च्या आधी ‘र्’ होता. त्या दोघांचा ‘द्द’ झाला, म्हणून चौदामध्ये ‘द’ आजही ऐकू येतो. षोडशमध्ये तर ‘द’ नव्हताच, सांध्यात त्याचा ‘ड’ झाला होता. गुडचा गूळ आणि तडागाचं तळं होताना एकट्या ‘ड’चा ‘ळ’ झाला, तसा षोडशचा सोळा झाला. अकरा ते अठरामध्ये चौदा आणि सोळा हे दोनच आकडे ‘रा’ने संपत नाहीत, त्याचं कारण हे.

वीसच्या घरात बावीस, तेवीस, चोवीस यांत एकच ‘व’ आहे आणि सव्वीसमध्ये मात्र दोन. सव्वीसचं मूळ षड्विंशति. तिथला ‘ड्’ पुढच्या ‘व’मध्ये मिसळला आणि ‘व’ दुहेरी झाला. म्हणजे सहा हा आकडा जिथे जातो, तिथे आपल्या शेवटच्या व्यंजनाची खूण मागे ठेवतो. सहाची इतकी वेगवेगळी रूपं होण्यामागेही हेच आहे. ‘षष्’ हा मूळ शब्द व्यंजनाने संपतो, आणि पुढे काय येतं यावर त्याचं रूप बदलतं. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर या प्रत्येक शब्दात सहाचा चेहरा निराळा आहे.

नुसत्या झिजेने मात्र सगळं उलगडत नाही. आकडे आपण ओळीने म्हणतो, त्यामुळे शेजारच्या आकड्याचं वळण दुसऱ्याला लागतं. अष्टाविंशतिमध्ये ‘ष्टा’ मुळातच दीर्घ होता, म्हणून अठ्ठावीसमधला ‘ठ्ठा’ रास्त आहे. पण २७ संस्कृतात सप्तविंशति, म्हणजे तिथे ऱ्हस्व ‘अ’. तरी आपण सत्तावीस म्हणतो. लागोपाठ म्हणताना अठ्ठावीसचा ‘आ’ सत्तावीसने उचलला. एक्कावन्न, पंचावन्न आणि सत्तावन्न यांतला ‘आ’ही असाच बावन्न आणि अठ्ठावन्नकडून आला.

याचं दुसरं उदाहरण चौऱ्याहत्तरमध्ये आहे. ८४ संस्कृतात चतुरशीति. ‘चतुर्’मधला ‘र्’ पुढच्या स्वराला चिकटला, म्हणून चौऱ्याऐंशीमध्ये ‘र’ ऐकू येतो आणि हिंदीतल्या चौरासीतही येतो. ७४च्या बाबतीत हिंदी सरळ चौहत्तर म्हणते, तिथे ‘र’ नाही. मराठीने मात्र चौऱ्याहत्तर केलं. ऐंशीच्या घरातला ‘र’ खालच्या घरात उतरला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचंच झालं, कारण मराठीत चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी आणि चौऱ्याण्णव यांची सुरुवात एकसारखी झाली.

मराठीतली आणखी एक सोय म्हणजे ‘एकोण’. यातला ‘ऊन’ म्हणजे कमी. एकाने कमी वीस ते एकोणीस, एकाने कमी तीस ते एकोणतीस. संस्कृतात १९ला नवदश आणि एकोनविंशति असे दोन्ही शब्द होते. मराठीने दुसरा उचलला आणि एकोणनव्वदपर्यंत सरळ नेला. हिंदी ८९ला नवासी म्हणते, आपण तिथेही एकोण सोडत नाही. ९९ला मात्र आपणही नऊ आणि नव्वद असाच हिशेब करतो, कारण नव्व्याण्णव आला नवनवतिवरून. म्हणजे अकरा ते नव्व्याण्णवमधले आठ आकडे एकाच युक्तीने येतात. अडचण एवढीच, की ‘एकोणसाठ’ म्हणताना कानावर साठ पडतो आणि लिहायचा असतो ५९. मुलं इथे ६९ लिहितात ते यामुळेच.

या घोटाळ्याच्या मुळाशी उलट क्रम आहे. बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. ‘त्रेपन्न’ ऐकलं की कानावर तीन आधी पडतो, म्हणून नुकतं लिहायला लागलेलं मूल ३ आधी लिहितं आणि ३५ करून ठेवतं. कन्नडमध्ये हा त्रास नाही. तिथे २१ला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आणि एक, लिहिण्याच्याच क्रमाने.

२०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१पासूनचे आकडे ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असेही वाचायला दिले गेले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. विधिमंडळातही त्यावर बरंच बोललं गेलं. गणित अभ्यासगटाच्या प्रमुख मंगला नारळीकर यांची बाजू अशी होती, की जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमाची ही नावं लहान मुलांना जड जातात, आणि आकड्याची किंमत कळायला ‘नव्वद तीन’ हे वाचन मदत करतं. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही शेजारी शेजारी होती. टीका करणाऱ्यांचं म्हणणं होतं, की घरात, बाजारात त्र्याण्णवच बोलतात, मग मुलाने तेच शिकावं. माझ्या मते या दोन गोष्टी दोन वेगळ्या कामांच्या आहेत. ‘नव्वद तीन’ आकडा समजावतो आणि ‘त्र्याण्णव’ आकडा ओळखायला लावतो. पहिलं वहीसाठी उपयोगी आहे, दुसरं कानासाठी, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

जुन्या शाळांनी हा उलट क्रम एका घोषात सोडवला होता. ‘एकावर शून्य दहा, एकावर एक अकरा, एकावर दोन बारा’ ही उजळणी बहुतेक मराठी घरांत कुणी ना कुणी म्हटलेली असते. ती पुढे ‘पाचावर तीन त्रेपन्न, पाचावर चार चोपन्न’ अशी शंभरपर्यंत जाते. यात आधी आकडा लिहिण्याच्या क्रमाने येतो आणि लगेच त्याचं बोलण्यातलं नाव येतं. डोळ्यांचा क्रम आणि कानाचा क्रम एकाच ओळीत बांधले जातात. पाटीवर बोट ठेवून हा घोष म्हटला की मूल ३५ आणि ५३ यांत गोंधळत नाही, कारण ‘पाचावर तीन’ म्हणताना हात पाचवरून तीनकडे गेलेला असतो.

या घोषाची मर्यादाही आहे. ओळीने पाठ केलेलं ओळीनेच आठवतं. मुलाला अचानक ‘सदुसष्ट लिही’ म्हणा. ते ओठांत ‘एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट’ पुटपुटत सहा पायऱ्या चढून आलं, तर त्याला ओळ येते, आकडा येत नाही, असं समजावं. याला उपाय एकच. ओळ पक्की झाली की ती मोडायची. उलटं म्हणायला लावायचं, दहा-दहाच्या उड्या मारायला लावायच्या, चिठ्ठ्या काढून विचारायचं.

मोठेपणी मराठी शिकणाऱ्यांना ओळीपेक्षा उभी रांग जास्त उपयोगी पडते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत आलेली माणसं किंवा परदेशात वाढलेली मराठी घरांतली मुलं शंभर ओळी पाठ करायला कंटाळतात. त्यांनी आधी नुसती घरांची शेपटं घ्यावीत, म्हणजे वीस, तीस, चाळीस, वन्न किंवा पन्न, सष्ट, हत्तर, ऐंशी, ण्णव. ‘हत्तर’ म्हणजे सत्तरच. दशचा दहा होताना ‘श’चा जसा ‘ह’ झाला, तसा इथे ‘स’चा ‘ह’ झाला. साठच्या घरात ‘स’ शाबूत आहे, त्यामुळे हा नियम सगळीकडे लावता येत नाही. मग एकोणचे आठ आकडे घ्यावेत, ते तासाभरात येतात. त्यानंतर एकेका एककाची रांग उभी म्हणावी. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. दोनची सगळी रूपं ‘ब’ने सुरू होतात, कारण या आकड्यांत मूळच्या ‘द्व’चा ‘ब’ झाला. तसेच तीनचे आकडे ‘त’ने, चारचे ‘च’ने आणि पाचचे ‘प’ने सुरू होतात. आठचे ‘अठ’ किंवा ‘अड’ने. एकचे ‘एक’ने, फक्त अकरा त्याला अपवाद. म्हणजे पहिलं अक्षर ऐकलं की एकक बहुतेक कळतो आणि शेपूट ऐकलं की दशक.

खरी गल्लत होते ती सहा आणि सातमध्ये, कारण दोघेही बहुधा ‘स’ने सुरू होतात. सव्वीस की सत्तावीस, सेहेचाळीस की सत्तेचाळीस, सहासष्ट की सदुसष्ट? इथे एक खूण पक्की धरावी. सातच्या आकड्यात ‘स’च्या मागोमाग ‘त’ किंवा ‘द’ येतो. सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव, यांत एकही अपवाद नाही. सहाच्या आकड्यात पहिल्या अक्षरानंतर लगेच सातचा तो ‘त’ किंवा ‘द’ येत नाही. येतो तो व, ह किंवा ळ. छत्तीस आणि छप्पन्न ‘छ’मुळेच वेगळे पडतात. ही खूण ‘सप्त’मधल्या ‘प्त’ची आहे, आणि कानाने धरायला सोपी आहे. भाजीवाल्याने सेहेचाळीस सांगितले आणि आपण सत्तेचाळीस मोजून दिले, ही चूक या एका खुणेने टळते.

दुसरी अडचण ‘एक’ने सुरू होणाऱ्या शब्दांची. एकसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे तिन्ही नवशिक्याला सारखेच ऐकू येतात. त्याने ‘एक’नंतर ‘ओण’ आला का तेवढंच ऐकावं. ‘ओण’ आला तर पुढचं दशक पूर्ण ऐकायचं आणि त्यातून एक वजा करायचा. एकोणसत्तर म्हणजे ७०तून एक गेला, ६९. ‘ओण’ नसेल तर तो त्या घराचा पहिला आकडा. गंमत अशी, की एकोणीस सोडला तर एकोणच्या आकड्यांत दशकाचं नाव झिजलेलं नाही, पूर्ण आहे. एकोणसाठमध्ये ‘साठ’ आहे आणि एकसष्टमध्ये ‘सष्ट’. पन्नास, साठ, सत्तर किंवा नव्वद असं शेपूट पूर्ण ऐकू आलं की शंका घ्यावी, हा एकोण असणार.

आकडे डोक्यात पक्के बसायला त्यांना काहीतरी ओझं द्यावं लागतं. महाराष्ट्रात हे काम सालांनी केलं आहे. आपण वर्षं शतकाशिवाय बोलतो. बेचाळीसची चळवळ, एकसष्टचा पानशेतचा पूर, सदुसष्टचा कोयनेचा भूकंप, बाहत्तरचा दुष्काळ, पंच्याहत्तरची आणीबाणी, त्र्याऐंशीचा विश्वचषक, त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप. घरातली मोठी माणसं हे आकडे बोलतात तेव्हा कुणी घरांचा हिशेब करत नाही, शब्द ऐकताच ते साल डोळ्यांपुढे येतं. शिकणाऱ्याने अशी आपली आपली यादी करावी. आईचं जन्मसाल, चाळीतल्या खोलीचा नंबर, रोजच्या बसचा नंबर. सत्तावीस नक्षत्रं, तेहेतीस कोटी देव, छत्तीसचा आकडा, पत्त्यांची बावन्न पानं, चौसष्ट कला आणि शहाण्णव कुळी हे तर भाषेनेच बांधून दिलेले खुंटे आहेत. प्रत्येक घरात असे दोन खुंटे ठोकले की मधले आकडे त्यांच्यापासून मोजता येतात. चौसष्ट माहीत असेल तर पासष्ट एका पावलावर आहे.

आज या शब्दांना खरा धोका त्यांच्या अवघडपणाचा नाही, ते कानावर न पडण्याचा आहे. मोबाइल नंबर बहुतेक लोक इंग्रजीत सांगतात, दुकानात किंमत पडद्यावर दिसते आणि इंग्रजी माध्यमातलं मूल एकोणऐंशी म्हणजे किती असं आजीला विचारतं. जो शब्द कधी ऐकलाच नाही, तो नियम समजूनही तोंडात येत नाही. म्हणून घरी एक साधा परिपाठ ठेवावा. वाण्याचं बिल मुलाकडून मराठीत मोठ्याने वाचून घ्यावं, फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगावा आणि त्याने तो कागदावर लिहावा. चूक झाली तर ती कुठल्या प्रकारची आहे ते पाहावं. आकडे उलटे लिहिले असतील तर ‘पाचावर तीन’चा घोष कमी पडला आहे. दशक चुकलं असेल तर शेपूट पक्कं नाही. आणि सहाच्या जागी सात लिहिला असेल, तर त्याला ‘स’नंतरचा ‘त’ ऐकायला शिकवायचा आहे. अशी वर्गवारी केली की ‘मराठी आकडे येत नाहीत’ ही मोठी तक्रार तीन लहान कामांत वाटली जाते, आणि ती तिन्ही रोजच्या बिलांवर पूर्ण होण्यासारखी आहेत.